'स्क्रीन मिररिंग' म्हणून विकलेला टीव्ही राउटरशिवाय चालत नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ४३ इंची स्मार्ट टीव्हीत राउटरशिवाय फोनचा पडदा दाखवणारी मिराकास्ट ही सोय नसताना 'वायफायची गरज नाही' असं सांगून विक्री केल्याबाबत

महोदय,

मी नौपाडा, ठाणे (प.) इथे दहावीच्या मुलांचे भूमितीचे वर्ग घेते. तळमजल्यावरची एक खोली, संध्याकाळी पाच ते आठ, त्यापलीकडे ती बंद. तेवढ्यासाठी ब्रॉडबँड घेणं मला परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. मला हवं होतं ते एवढंच : फोन स्टँडवर उलटा लावायचा, खाली कागदावर कंपासने रचना काढायची आणि ती मागच्या बाकावरच्या मुलाला टीव्हीवर दिसायची.

दुकानात मी हे असंच्या असं सांगितलं होतं. विक्रेत्याने स्वतःच्या फोनवरून दोन टिचक्या मारल्या, फोनचा पडदा टीव्हीवर आला. "वायफाय लागतं का?" या माझ्या प्रश्नाला "नाही मॅडम, डायरेक्ट आहे" हे उत्तर मिळालं. खोक्यावरही 'स्क्रीन मिररिंग' एवढंच छापलेलं आहे. दुकानात ते चाललं, कारण दुकानात राउटर होता आणि टीव्ही आणि फोन दोन्ही त्यावर जोडलेले होते. हे मला नंतर कळलं.

वर्गात टीव्ही लावला तेव्हा माझ्या फोनला तो दिसेना. तुमच्या हेल्पलाइनने "दोन्ही एकाच वायफायवर आहेत ना?" असं विचारलं. वायफाय नाही म्हटल्यावर "मग हॉटस्पॉट द्या" असं सांगितलं. माझ्याच फोनचा हॉटस्पॉट टीव्हीला दिला. टीव्हीवर यूट्यूब सुरू झालं, पण त्याच फोनच्या कास्टच्या यादीत टीव्ही आला नाही. मिस्टरांच्या फोनचा हॉटस्पॉट घेऊन त्यावर माझा फोन आणि टीव्ही असे दोन्ही जोडले, तेव्हा कुठे जमलं. म्हणजे रोज संध्याकाळी तीन तास त्यांचा फोन माझ्या वर्गात अडकवून ठेवायचा.

पहिल्या भेटीत तुमच्या तंत्रज्ञाने टीव्ही आमच्या इमारतीच्या गेस्ट वायफायला जोडला आणि माझा फोनही तिथेच जोडला. नेटवर्कचं नाव तेच, दोन्हीकडे इंटरनेट चालू, तरी टीव्ही दिसेना. तो म्हणाला, फोन खराब आहे. फोन ठीक आहे. अशा गेस्ट नेटवर्कमध्ये एका उपकरणाला दुसरं उपकरण दिसू नये अशी सोय बहुतेक वेळा मुद्दाम केलेली असते. प्रत्येकाला इंटरनेट मिळतं, शेजारी मात्र दिसत नाही. कास्टिंगमध्ये तर फोन आधी नेटवर्कवर हाक मारतो, 'इथे कोणी टीव्ही आहे का?' ती हाकच टीव्हीपर्यंत पोचली नाही तर यादी रिकामी राहते. तेव्हा 'एकच वायफाय' हे तुमच्या हेल्पलाइनचं उत्तर अर्धंच आहे. त्या वायफायने आपसात बोलूही दिलं पाहिजे.

दुसऱ्या भेटीत हाच गृहस्थ सिमवाला छोटा राउटर घेऊन आला, तो टेबलावर ठेवला, मिररिंग करून दाखवलं, "बघा, टीव्हीत काही प्रॉब्लेम नाही" म्हणाला, आणि राउटर बॅगेत घालून निघून गेला. कामाच्या कागदावर 'तक्रार निकाली' असा शेरा आहे. मी सही केलेली नाही.

तुमच्या टीव्हीत आहे ते गूगल कास्ट. त्याला फोन आणि टीव्ही यांच्यामध्ये एक सामायिक नेटवर्क लागतं. यूट्यूब कास्ट केलं की व्हिडिओ फोनमधून जातच नाही, टीव्ही तो स्वतः इंटरनेटवरून ओढतो आणि फोन नुसता रिमोट राहतो. सिनेमा बघणाऱ्याला ही पद्धत उत्तम, फोन खिशात टाकून कामाला लागता येतं. पण कागदावर आत्ता फिरणारा माझा कंपास इंटरनेटवर नाही. मला फोनचा जिवंत पडदाच पाठवायचा आहे.

राउटरशिवाय हे करणारी पद्धत म्हणजे मिराकास्ट. वायफाय अलायन्सने ती २०१२ साली आणली आणि ती वायफाय डायरेक्टवर चालते. दोन्ही उपकरणं एकमेकांना थेट शोधतात, त्यांच्यातलंच एक त्या जोडीपुरतं राउटरचं काम करतं आणि पडद्याचं चित्र तिकडून इकडे जात राहतं. इंटरनेटचा संबंधच येत नाही. विक्रेता 'डायरेक्ट' म्हणाला ते हेच, फक्त ते तुमच्या टीव्हीत नाही.

दोष माझ्या उपकरणांचा नाही हे मी तपासलं आहे. विंडोज लॅपटॉपवर ही आज्ञा दिली :

```
netsh wlan show drivers
```

त्यात `Wireless Display Supported: Yes (Graphics Driver: Yes, Wi-Fi Driver: Yes)` असं आलं, म्हणजे लॅपटॉपला मिराकास्ट येतं. मग Win+K दाबलं. तुमचा टीव्ही यादीत नाही. तोच लॅपटॉप शेजारच्या जोशीकाकूंकडे नेला. त्यांचा टीव्ही जुना आहे, पण मेनूत मिराकास्ट आहे. त्यांचं वायफाय मी लॅपटॉपला दिलंच नव्हतं, तरी Win+K दाबताच टीव्ही दिसला आणि अर्ध्या मिनिटात पडदा वर आला. माझ्या फोनच्या Smart View मधूनही तसंच झालं. कंपासचं टोक रोवून ६० अंशांचा कंस काढला, तो टीव्हीवर किंचित उशिरा उमटला. तेवढा उशीर मला चालतो.

मिराकास्टच्या मर्यादा मला ठाऊक आहेत. फोनचा पडदा सतत चालू ठेवावा लागतो, बॅटरी जाते, आणि वर्गात मध्येच फोन वाजला तर तोही सगळ्यांना दिसतो. आयफोनला ते येत नाही, आणि गूगलने स्वतःच्या फोनमधूनही ते काढून टाकलं आहे. म्हणून 'कुठल्याही फोनवर चालेल' असंही खोक्यावर छापू नका. पण राउटर नसलेल्या खोलीत माझ्या फोनला आणि लॅपटॉपला तेच लागतं.

माझं म्हणणं असं आहे. टीव्ही बदलून मिराकास्ट असलेला द्या. किमतीत फरक असेल तर तो मी भरेन. ते शक्य नसेल तर एचडीएमआयला लागणारा मिराकास्ट रिसीव्हर तुमच्या खर्चाने बसवून द्या. दोन्ही जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करा. शिवाय खोक्यावर आणि वेबसाइटवर 'स्क्रीन मिररिंग'च्या पुढे ते कास्ट आहे की मिराकास्ट, आणि राउटर लागतो की नाही, हे लिहा. दुकानातल्या मुलांनाही तेच सांगा.

पावतीची प्रत, खोक्याचा फोटो, दोन्ही भेटींचे कागद आणि लॅपटॉपवरच्या निकालाचा फोटो सोबत जोडला आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

माणूस पाठवायचा असेल तर दुपारी तीनच्या आत पाठवावा, पाचला मुलं येतात. येताना राउटर आणू नये.

आपली ग्राहक,
नौपाडा, ठाणे (प.)