हेल्पलाइनला फोन लावण्याआधी कागदावर चार ओळी लिहा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंटरनेट बंद पडल्यावर हेल्पलाइनवर तासन्‌तास जातात, समोरचा माणूस तीच तीच पोपटपंची करतो, अशा तक्रारींची पत्रं या सदरात अधूनमधून येतात. तक्रारी रास्तच आहेत. मी एका महाविद्यालयात नेटवर्कचं काम बघतो, त्यामुळे या फोनच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. फोन उचलणाऱ्यासमोर स्क्रीनवर एक ठरलेला क्रम असतो: मोडेम बंद-चालू केला का, दिवे कोणते लागलेत, एकाच फोनवर अडचण आहे की सगळीकडे, वायर लावून पाहिलं का. या रकान्यांत काहीतरी भरल्याशिवाय तक्रार त्याला पुढे ढकलता येत नाही. म्हणून त्याच्यावर डाफरण्यात अर्थ नाही. त्याच्या रकान्यांची उत्तरं त्याने विचारायच्या आत, त्याच क्रमाने सांगून टाकली, तर तो आपोआप पुढच्या पायरीवर जातो.

सांगलीला आमच्या भावोजींकडे घडलेला प्रकार सांगतो. घरात फायबरचं कनेक्शन. रोज संध्याकाळी नेट जायचं, पाच-दहा मिनिटांनी यायचं, पुन्हा जायचं. भावोजी दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघण्याआधी हेल्पलाइनला फोन करायचे. पलीकडून उत्तर ठरलेलं: "सर, आमच्याकडे तुमची लाइन चालू दिसतेय. एकदा मोडेम बंद करून चालू करा." ते करायचे, नेट अर्थातच चालायचं, तक्रार बंद. संध्याकाळी पुन्हा तेच. खोटं कुणीच बोलत नव्हतं. सकाळी लाइन खरोखरच चालू असायची.

मी त्यांना पहिल्यांदा दिवे बघायला सांगितलं. नेट गेल्यावर लगेच, कशालाही हात न लावता. फायबरच्या डब्यावर, म्हणजे मोडेमवर, साधारण पाच-सहा दिवे असतात, पण कामाचे चार. पॉवरचा दिवा वीज सांगतो. पॉनचा दिवा स्थिर हिरवा असेल, तर डबा कंपनीच्या यंत्राशी जोडलेला आहे. तो लुकलुकत असेल, तर जोडणीचा प्रयत्न चालू आहे पण ती होत नाहीये. एलओएसचा दिवा एरवी विझलेला असतो. तो लाल झाला, की तारेतून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाही किंवा फारच क्षीण पोचतोय. चौथा इंटरनेटचा. पॉन हिरवा, एलओएस विझलेला आणि फक्त इंटरनेटचा दिवा लाल किंवा बंद असेल, तर तार शाबूत आहे. मग भानगड खात्यात, पासवर्डात किंवा कंपनीच्या सेटिंगमध्ये शोधायची, आणि त्यासाठी माणूस घरी पाठवायची गरज बहुधा नसते. म्हणजे नुसते दिवे नीट सांगितले, तरी तक्रार कुठल्या विभागाकडे जायची हे निम्मं ठरतं. "लाल लाइट लागलाय" एवढं मोघम सांगून भागत नाही. कोणत्या नावाखालचा दिवा, स्थिर की लुकलुकता, हेही सांगावं लागतं.

भावोजींकडे नेट गेलं की पॉवर हिरवाच राहायचा, पॉन लुकलुकायचा आणि एलओएस लाल व्हायचा.

दुसरं काम म्हणजे वाय-फायला संशयातून बाहेर काढणं, कारण एजंटचा पहिला भर तिथेच असतो. लॅपटॉप वायरने डब्याला जोडायचा, वाय-फाय बंद करायचं आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्यांत या दोन ओळी चालवून ठेवायच्या:

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

पहिला पत्ता बहुतेक घरांत आपल्याच डब्याचा असतो. तुमच्याकडे वेगळा असेल, तर तो डब्याखालच्या चिकटपट्टीवर छापलेला मिळेल. दुसरा पत्ता बाहेरच्या जगातला. नेट गेल्यावर पहिल्या खिडकीत उत्तरं येत राहिली आणि दुसऱ्या खिडकीत `Request timed out` यायला लागलं, तर घरातलं सगळं ठीक आहे आणि बिघाड डब्याच्या पलीकडे आहे. दोन्ही थांबलं, तर डबा किंवा वायर बघा. दोन्ही चालू असून संकेतस्थळं तेवढी उघडत नसतील, तर तो बहुधा डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेचा प्रश्न, त्यासाठी तारेला दोष देऊ नका. भावोजींकडे पहिली खिडकी सुरळीत चालू राहायची आणि दुसरी थांबायची. वेळ त्यांनी कॅलेंडरवरच लिहून ठेवली, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी.

तिसरी गोष्ट प्रकाशाची मोजणी. ब्राउझरमध्ये डब्याचा तोच पत्ता टाकून आत गेलं, की अनेक डब्यांत `Rx Power`, म्हणजे रिसीव्ह पॉवर, अशी ओळ दिसते. आकडा उणे असतो आणि तो जितका खोल, तितका प्रकाश कमी. घरगुती फायबरला उणे 15 ते उणे 25 डीबीएमच्या दरम्यान निर्धास्त राहावं. साधारण उणे 27 ही काठावरची रेघ, त्याखाली डबा तग धरत नाही. तीन डीबी घटले म्हणजे प्रकाश निम्मा झाला, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. काही कंपन्या हे पान ग्राहकाला उघडू देत नाहीत. तसं असेल, तर आकडा एजंटलाच विचारावा. भावोजींच्या डब्यावर सकाळी उणे 22 दिसायचं आणि संध्याकाळी उणे 28 च्या आसपास.

एवढं हाती आल्यावर त्यांना मी फोनवर वाचायचा मजकूर लिहून दिला. फोन संध्याकाळी, नेट गेलेलं असतानाच करायचा, ही अट त्यात पहिली. मजकूर असा:

"नमस्कार. ग्राहक क्रमांक अमुक. फायबर कनेक्शन, संध्याकाळी सातनंतर वारंवार तुटतंय, आत्ताही बंद आहे. पॉवर स्थिर हिरवा, पॉन लुकलुकतोय, एलओएस लाल. मोडेम काल एकदा बंद-चालू केला, फरक पडला नाही. वाय-फायचा प्रश्न नाही. लॅपटॉप वायरने जोडलाय, मोडेम उत्तर देतो, बाहेरचा पत्ता देत नाही. घरातल्या सगळ्या उपकरणांवर तेच. रिसीव्ह पॉवर सकाळी उणे 22, आता उणे 28. बिल भरलेलं आहे. तुमच्या स्क्रीनवर लाइन तुटल्याचं शेवटचं कारण काय दिसतं, सिग्नल गेल्याचं की वीज गेल्याचं? ते बघून पॉवर मीटर असलेला माणूस पाठवा. तो संध्याकाळी सातनंतर यायला हवा, सकाळी बिघाड दिसत नाही."

यातला लाइन तुटल्याच्या शेवटच्या कारणाचा प्रश्न फार कमी ग्राहक विचारतात, म्हणून त्याबद्दल थोडं. डब्याची वीज गेली, तर विझता विझता तो कंपनीच्या यंत्राला तसा निरोप धाडतो. म्हणून तिथे 'वीज गेली' आणि 'प्रकाश गेला' या दोन वेगळ्या नोंदी होतात. पहिल्या फळीतल्या एजंटला ही नोंद नेहमी दिसतेच असं नाही, पण ती ज्याला दिसते त्याच्याकडे फोन वळवायला त्याला सबळ कारण मिळतं. आपण मात्र चिडून दहादा मोडेम बंद-चालू केला, तर त्या यादीत वीज गेल्याच्याच नोंदींची रांग लागते आणि खरा बिघाड त्यात बुडतो. शिवाय डब्याच्या आत जी नोंद असते, तीही बऱ्याच डब्यांत पुसली जाते. म्हणून एकदा बंद-चालू करावं, तेही दिवे टिपून झाल्यावर, आणि थांबावं.

त्याहून वाईट म्हणजे मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून करायचा रिसेट. एखादा एजंट तोही सुचवतो. तुमच्या कनेक्शनला युजरनेम-पासवर्ड लागत असेल आणि तो तुमच्याकडे लिहिलेला नसेल, तर ठाम नकार द्या. त्या टाचणीने डब्यातली सगळी जुळवणी पुसली जाते आणि मग बिघाड नसलेलं कनेक्शनही माणूस येईपर्यंत बंद पडतं. "रीस्टार्ट केलाय, रिसेट करणार नाही, माझ्याकडे पासवर्ड नाही," हे वाक्य कागदावर आधीच लिहून ठेवावं. फायबरची हिरव्या टोकाची पिन काढून फुंकर मारायलाही कुणी सांगितलं तर ऐकू नये. टोकावर धूळ बसली की प्रकाश आणखी घटतो. आणि त्या टोकात डोळा घालून तर मुळीच बघू नये, आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण तो लेसर असतो.

भावोजींनी मजकूर वाचून दाखवला. एजंटने एकच रकाना पुन्हा विचारला आणि तक्रार लाइनच्या विभागाकडे पाठवली. माणूस संध्याकाळी आला, मीटर लावला आणि तार हाताने चाचपत गॅलरीपर्यंत गेला. तार सरकत्या खिडकीच्या पन्हळीतून आत घेतलेली होती. संध्याकाळी डास येतात म्हणून ताई खिडकी लावायची, चौकट तारेला दाबायची आणि वाक पडून प्रकाश बाहेर गळायचा. खिडकी उघडली की मीटरवर उणे 22, लावली की उणे 28. दाब थोडा इकडेतिकडे झाला की नेट येजा करायचं. त्याने भिंतीला भोक पाडून तार तिथून घेतली आणि चेपलेला तुकडा कापून नवीन टोक बसवलं.

या मजकुराने सगळंच साधत नाही. पूर्ण परिसरातली तार तुटली असेल, तर तुमचे दिवे कितीही नेमके सांगा, दुरुस्ती आपल्या वेळेनेच होते. अशा वेळी "माझ्या भागात सामूहिक बिघाड नोंदलाय का?" एवढा एकच प्रश्न पुरतो, आणि तो सगळ्यात आधी विचारावा. वेग कमी असल्याच्या तक्रारीला वेगळी तपासणी लागते, ती इथे चालणार नाही.

फोन ठेवण्याआधी तक्रारीचा डॉकेट नंबर घ्यायला विसरू नये. ट्रायच्या 2012 च्या नियमांप्रमाणे तो देणं कंपनीला बंधनकारक आहे, आणि तक्रार न सोडवता बंद केली तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाताना तोच लागतो. नंबर मिळाल्यावर एजंटला म्हणावं, "तुम्ही काय लिहिलंत ते वाचून दाखवा." 'ग्राहक म्हणतो नेट स्लो' असं लिहिलेलं निघालं, तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यावं: एलओएस लाल, रिसीव्ह पॉवर उणे 28, भेट संध्याकाळी सातनंतर. घरी येणारा माणूस तेवढंच वाचून निघतो.

आपला,
एक वाचक, मिरज