बॅटरीवरचा 1500 म्हणजे कपॅसिटी नव्हे

संपादक साहेब,
नमस्कार. उन्हाळा लागला की तुमच्या पेपरात इन्व्हर्टर बॅटरीच्या एक्सचेंज ऑफरची पानं भरतात, त्यावरूनच हे लिहितोय.

आई कराडजवळ गावाला असते, मी पुण्यात. मार्चमध्ये तिचा फोन आला की लाईट गेल्यावर पंखा जेमतेम वीस मिनिटं चालतो आणि दुकानदार म्हणतोय, "काकू, आता दोनशेची घ्या, ही लहान पडते." म्हटलं आधी बॅटरीवरच्या स्टिकरचा फोटो पाठव. पहिला आला त्यात सगळा फ्लॅशचा उजेड. मग शेजारच्या पोराला सांगितलं की फ्लॅश बंद कर, बाजूने टॉर्च धर, आणि एक फोटो वरच्या बाजूचाही काढ, बऱ्याच बॅटऱ्यांवर सिरीयल नंबर तिथे असतो.

स्टिकरवर सगळ्यात मोठ्या अक्षरात मॉडेलचं नाव होतं आणि त्यात 1500 हा आकडा. घरात सगळे तीच कपॅसिटी समजून बसलेले! ते नुसतं नाव आहे. खरी ओळ खाली बारीक अक्षरात होती, 12 व्होल्ट, 150 एएच म्हणजे अँपिअर-तास, आणि पुढे सी 20. सी 20 म्हणजे बॅटरी 20 तासांत हळूहळू रिकामी केली तर, म्हणजे साडेसात अँपिअरने, 150 एएच मिळतात. आपण घरात इतक्या हळू कुठे वापरतो? आईकडे दोन पंखे, चार एलईडी, टीव्ही मिळून 260 वॅटच्या आसपास लोड. 12 गुणिले 150 म्हणजे 1800 वॅट-तास, भागिले 260, कागदावर सात तास येतात. पण इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज वाया जाते, बॅटरीतून 27 अँपिअरच्या आसपास ओढली जाते आणि इतक्या जोरात ओढली की कपॅसिटी कमी भरते, त्यामुळे नव्या बॅटरीवरही चार तासांच्या आसपासच धरायचे. सोलरच्या बॅटरीवर बहुतेक सी 10 लिहिलेलं असतं, म्हणजे 10 तासांचा हिशोब, त्यामुळे दोन बॅटऱ्यांचे एएच तुलनेला घेताना हा आकडा आधी बघा, नाहीतर सारख्या दिसणाऱ्या दोन बॅटऱ्या सारख्या नसतात.

आता वय. स्टिकरवर बनवल्याचा महिना 11/18 होता आणि विक्रीच्या चौकटीत दुकानदाराने टोचलेली भोकं जून 2019 वर. म्हणजे सात महिने ती दुकानात किंवा गोडाऊनमध्ये पडून होती. ॲसिड भरलेली बॅटरी नुसती ठेवली तरी हळूहळू उतरते आणि मध्ये चार्ज केली नाही तर प्लेटांवर सल्फेट बसतं. वॉरंटी 36 अधिक 24 महिने, ती बिलाच्या तारखेपासून: जून 2022 पर्यंत फुकट बदलून, पुढची दोन वर्षं फक्त टक्केवारीने सूट. ती सूटही बहुतेक एमआरपीवर मोजतात, दुकानातल्या भावावर नाही, म्हणून "पाच वर्षं वॉरंटी" ऐकून हुरळून जाऊ नका. काही कंपन्या तारीख सरळ न छापता सिरीयल नंबरात कोडमध्ये घालतात, प्रत्येकीचं कोड वेगळं, तिथे अंदाज न बांधता बिल शोधलेलं बरं.

पण लेबलावरून बॅटरी मेली की नाही ते कळत नाही. म्हणून मी मेकॅनिकला ॲसिडची घनता मोजणारं हायड्रोमीटर घेऊन पाठवला. फुल चार्ज करून बघितल्यावर पाच सेल 1.220 च्या आसपास आणि एक 1.120, म्हणजे एक सेल गेलेला. एक सेल गेला की बाकीचे पाच ठणठणीत असूनही उपयोग नाही. बदलायला हवी होती हे खरं, पण ती "लहान" म्हणून नाही!

मग 200 का नाही घेतली? आईचा इन्व्हर्टर जुना, 12 अँपिअरने चार्ज करतो. 150 लाही साधारण 15 लागतात, 200 ला 20. दिवसातून दोनदा लाईट जाणाऱ्या गावात मोठी बॅटरी कधी पूर्ण भरलीच नसती आणि अर्धवट भरलेली राहून लवकर गेली असती, पैसेही जास्त गेले असते ते वेगळंच. लिथियमचंही बघितलं, पण तिला लिथियमच्या सेटिंगचा चार्जर लागतो, जुन्या इन्व्हर्टरला ते जमत नाही.

शेवटी 150 एएच, सी 20, उंच ट्युब्युलर, म्हणजे नळीसारख्या प्लेटांचीच घेतली. यावेळी पैसे देण्याआधी दुकानातच स्टिकरचा फोटो मागवला, दीड महिन्यापूर्वीची निघाली. बिलावर सिरीयल नंबर लिहून घेतला, इन्व्हर्टरमागचं बटण ट्युब्युलरवर आहे ना ते बघितलं आणि जुनी बॅटरी एक्सचेंजमध्ये देऊन तिचे पैसे बिलातून वजा करून घेतले. दुकानदार म्हणाला, "एवढं कुणी बघत नाही."

आपला एक वाचक,
पुणे