संध्याकाळच्याच दुधाचा एसएनएफ कसा घसरला? दूध संघाच्या अध्यक्षांना खुले पत्र

मा. अध्यक्षसाहेब,
सप्रेम नमस्कार.

मी राधानगरी तालुक्यातली दूध उत्पादक. माझ्या गोठ्यात तीन म्हशी दुधावर आहेत. सकाळी ११ आणि संध्याकाळी ९ लिटर दूध मी गावातल्या संस्थेत घालते आणि संस्था ते आपल्या संघाला देते. १ ते १५ मे या पंधरवड्याचं बिल दरवेळी २० तारखेला खात्यावर येतं. या वेळी ते ४ जूनला आलं, आणि आलं तेही कमी दरानं. दोन्हींचं कारण मी संस्थेत विचारलं, संघाच्या कार्यालयातही विचारलं. दोन्हीकडची उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

आधी दराचं सांगते. बिल आल्यावर पंधरा दिवसांच्या पावत्या तारखेनं लावून बसले. ३ मेपर्यंत माझ्या दुधाला फॅट ६.८ आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग, ९.० लागत होता, दोन्ही वेळेला. ४ मेपासून सकाळचा एसएनएफ ८.९ किंवा ९.०, आणि संध्याकाळचा रोज ८.६. फॅट मात्र दोन्ही वेळेला ६.८ च राहिली. आमच्या दरपत्रकात ९.० च्या खाली एका पॉईंटला लिटरमागं ५० पैसे कापतात. म्हणजे संध्याकाळच्या दुधाला लिटरमागं २ रुपये गेले. बारा संध्याकाळचं १०८ लिटर, म्हणून २१६ रुपये. एका घराला ही रक्कम लहान दिसेल. पण त्या बारा संध्याकाळी गावातलं सगळंच दूध याच पद्धतीनं मोजलं गेलं.

संस्थेत विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "पाणी गेलं असेल." हे मला फार लागलं. पाण्यानं एसएनएफ ९.० वरून ८.६ वर यायचा तर शंभर लिटरला साडेचार लिटरच्या आसपास पाणी पडायला हवं. मग फॅटही त्याच प्रमाणात उतरून ६.५ वर आली असती. ती एका पॉईंटानंही हलली नाही. वैरण बदलली किंवा म्हैस आटत आली, तर फरक सकाळच्या दुधातही तेवढाच दिसला असता. त्यामुळं कारण गोठ्यात नाही, मोजण्यात आहे, अशी माझी खात्री झाली.

४ मेला झालं काय, तर आदल्या रात्री वीज कमी-जास्त होऊन संस्थेतलं दूध तपासायचं मशिन बंद पडलं. तिथून १५ तारखेपर्यंत फॅट गर्बर पद्धतीनं, ॲसिड घालून काढली आणि डिग्री, म्हणजे दुधाचा दाटपणा, हातानं, लॅक्टोमीटर बुडवून. गर्बरबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार लॅक्टोमीटरची आहे, आणि तो चुकीचा होता असंही मी म्हणत नाही. तो २७ अंश तापमानाला जुळवलेला असतो. दूध त्याहून गरम असेल तर ते पातळ पडतं, लॅक्टोमीटर जास्त बुडतो आणि डिग्री कमी दिसते. म्हणून दुधात आधी थर्मामीटर धरायचा आणि २७ च्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.२ डिग्री वाढवून धरायची, ही रीत आहे. त्या बारा दिवसांत संस्थेत थर्मामीटर कुणीच पाहिला नाही.

आता सकाळ-संध्याकाळचा फरक कुठून आला ते बघा. गंगावेशीत लोक म्हशीपुढं पेला घेऊन उभे राहतात ते धारोष्ण दुधासाठी, इतकं ते कोमट असतं. माझा गोठा संस्थेपासून हाकेच्या अंतरावर आहे. सकाळी धार पहाटे निघते, गार हवेत दूध तास-दीड तास किटलीत राहतं आणि निवतं. मे महिन्यातल्या संध्याकाळी मात्र धार काढली की दहा मिनिटांत मी रांगेत उभी असते आणि दूध जवळजवळ तसंच ऊन असतं.

हे नुसतं बोलणं होऊ नये म्हणून मुलाकडून थर्मामीटर आणि लॅक्टोमीटर मागवून घेतला. ५ जूनच्या संध्याकाळी धारेचं दूध हलवून फेस बसू दिला आणि लॅक्टोमीटर भांड्याच्या कडेला टेकणार नाही असा सोडला. दूध ३४ अंश होतं, डिग्री २७.५ आली. तेच दूध गार पाण्यात ठेवून २७ अंशावर आणलं, तेव्हा डिग्री २९ भरली. संस्थेच्या भिंतीवर सूत्र लावलेलं आहे: डिग्रीला चारानं भागायचं, त्यात फॅटची ०.२१ पट मिळवायची आणि वर ०.३६. फॅट ६.८ धरून उन्या दुधाचा एसएनएफ ८.६६ येतो, निवलेल्या दुधाचा ९.०४. दूध एकच, भांडंही एकच. आणि पावतीवर ८.६६ चा ८.६ होतो, कारण पुढचा आकडा सोडून देतात. पुढं चार संध्याकाळी पुन्हा करून पाहिलं, दरवेळी तेवढाच फरक आला. माझ्या पावतीवरचा ८.६ कुठून आला हे मला तिथं कळलं.

साहेब, पुढचा प्रश्न फक्त आपणच सोडवू शकता. संस्थेचं दूध संघात पोचल्यावर तिथं ते पुन्हा तपासलं जातं आणि संस्थेला पैसे त्या तपासणीवर मिळतात. तिथं दूध थंड झालेलं असतं आणि मशिनवर लागतं. ४ ते १५ मे दरम्यान आमच्या संस्थेच्या संध्याकाळच्या दुधाला संघात एसएनएफ किती लागला? तो ९.० च्या आसपास असेल, तर संघानं पुरे पैसे दिले आणि आम्हाला ते पोचले नाहीत. दिवाळीच्या दरफरकात ते परत येतील असं कुणी म्हणेल. पण फरक वर्षभराच्या दुधावर वाटला जातो. मे महिन्यात ज्याचं कापलं गेलं त्याला तेवढंच परत मिळत नाही.

उशिराचं कारणही याच बारा दिवसांत आहे असं दिसतं. संस्था म्हणते, हातानं लिहिलेले आकडे कॉम्प्युटरवर चढवायला वेळ गेला. नंतर म्हणाले, संघाकडूनच रक्कम आली नाही. संघाचे कर्मचारी म्हणाले, रक्कम वेळेत सोडली. यातलं एकच खरं असणार. माझ्या म्हशीच्या कर्जाचा हप्ता २५ तारखेला असतो, तो चुकला आणि दंड लागला. बिलातली पशुखाद्याची कपात मात्र पूर्ण झालेली आहे.

म्हणून मागते ते एवढंच. त्या पंधरवड्याची रक्कम संघानं संस्थेच्या खात्यावर कोणत्या तारखेला जमा केली, ती तारीख लेखी द्या. आमच्या संस्थेच्या त्या बारा संध्याकाळच्या तपासणीचे संघाकडचे आकडे संस्थेच्या फलकावर लावा, म्हणजे प्रत्येकाला आपली पावती त्याच्याशी ताडून बघता येईल. आकडे जुळले नाहीत तर त्या दिवसांचं बिल नव्यानं काढून राहिलेली रक्कम पुढच्या पंधरवड्यात जमा करायला संस्थेला सांगा. आणि मशिन पुन्हा बंद पडलं तर पावतीवर डिग्रीशेजारी दुधाचं तापमान लिहिल्याशिवाय दर धरू नये, असा हुकूम सगळ्या संस्थांना काढा.

माझ्या व्यवहाराच्या नोंदी बघण्याचा हक्क मला सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ नं दिला आहे. संकलन रजिस्टरातल्या माझ्या पानांच्या नकलेसाठी संस्थेकडे अर्ज दिला आहे आणि त्याची पोच घेतली आहे. या पत्राची प्रत सहायक निबंधक, सहकारी संस्था (दुग्ध) यांनाही पाठवते आहे. माझ्या पावत्या, आणि तो थर्मामीटर व लॅक्टोमीटर घेऊन आपण सांगाल त्या संध्याकाळी संस्थेत हजर राहीन. मोजणी आपल्या माणसानं सगळ्यांसमोर करावी.

आपली,
एक म्हैस दूध उत्पादक सभासद
ता. राधानगरी, जि. कोल्हापूर