गोव्याच्या महागाईचा आकडा गोव्याला दर महिन्याला सांगा : नियोजन व सांख्यिकी मंत्र्यांना खुले पत्र

माननीय नियोजन व सांख्यिकी मंत्री,
गोवा राज्य, पर्वरी

सप्रेम नमस्कार.

दर महिन्याच्या 12 तारखेला दुपारी 4 वाजता केंद्र सरकार ग्राहक किंमत निर्देशांक जाहीर करते. संध्याकाळी बातमी येते, ‘महागाई घटली’ किंवा ‘महागाई भडकली’. ऑक्टोबर 2025 चा आकडा असाच आला. किरकोळ महागाई 0.25 टक्के, म्हणजे 2012 पायाभूत वर्षाच्या मालिकेतला नीचांक, आणि खाद्यपदार्थांची महागाई उणे 5.02 टक्के. बातमी खरी होती. पण महिन्याच्या सामानाची यादी करणाऱ्या बाईला वाण्याच्या बिलात ही स्वस्ताई दिसली नाही, आणि तिचेही खरेच होते. या दोन खऱ्या गोष्टींमध्ये जे अंतर आहे ते भरून काढणे आपल्या खात्याला शक्य आहे, म्हणून हे पत्र.

आकडा सांगतो तो फक्त एका वर्षातला फरक. या महिन्याच्या निर्देशांकाला गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या निर्देशांकाने भागायचे, त्यातून एक वजा करायचा आणि शंभराने गुणायचे, एवढेच ते गणित. त्यामुळे गेल्या वर्षी भाव फार चढलेले असतील तर यंदा ते नुसते जुन्या पातळीजवळ परतले तरी टक्केवारी खोल खाली जाते. ऑक्टोबर 2024 मध्ये देशातल्या भाज्या वर्षभरात 42.18 टक्क्यांनी महागल्या होत्या. ऑक्टोबर 2025 मध्ये त्या 27.57 टक्क्यांनी उतरल्या.

हे एका स्वयंपाकघराला लावून पाहू. समजा ऑक्टोबर 2023 मध्ये एका घरात 2,000 रुपयांची भाजी लागत होती. तेवढ्याच भाजीला पुढल्या ऑक्टोबरात 2,844 रुपये पडले आणि त्यापुढल्या ऑक्टोबरात 2,060. म्हणजे 27.57 टक्के स्वस्ताई झाल्यावरही दोन वर्षांपूर्वीपेक्षा 60 रुपये जास्तच. तेलाचे पाहा. तेल-तुपाचा गट आधी 9.51 टक्क्यांनी आणि मग पुन्हा 11.17 टक्क्यांनी चढला. महिन्याचे 600 रुपयांचे तेल आधी 657 आणि मग 730 रुपयांवर गेले, उतरले कधीच नाही. सगळे खाद्यपदार्थ एकत्र घेतले तर 10.87 टक्क्यांची चढ आणि 5.02 टक्क्यांची उतार. ज्या स्वयंपाकघराचा खर्च 8,000 रुपये होता तो 8,870 वर जाऊन 8,424 वर आला. गृहिणीला आठवतात ते आधीचे 8,000 आणि बातमी मोजते ती 8,870 पासून. म्हणून दोन वर्षांचा बदल वार्षिक बदलाच्या शेजारी छापला पाहिजे. त्याला नवी पाहणी लागत नाही, आणखी एक भागाकार लागतो.

हे झाले देशाचे आकडे. गोव्याच्या घराला ते लावताना दुसरी अडचण येते ती भाराची. निर्देशांकात प्रत्येक गटाला भार असतो, म्हणजे सरासरी कुटुंबाच्या 100 रुपये खर्चातले किती रुपये त्या गटावर जातात. 2012 च्या मालिकेत अखिल भारतीय भार खाद्य व पेयांना 45.86 होता आणि त्यात मांस व मासे मिळून फक्त 3.61. म्हणजे खाण्यावरच्या दर 100 रुपयांतले आठही नाहीत. आता वर धरलेल्या 8,000 रुपयांच्या घरात मासळी 3,000 ची येते असे माना. बांगडे, सुंगटे, इसवण सगळे 10 टक्क्यांनी चढले तर या घराचा स्वयंपाकखर्च 300 रुपयांनी, म्हणजे पावणेचार टक्क्यांनी वाढतो. अखिल भारतीय खाद्य निर्देशांक तेवढ्याच चढीने एक टक्कासुद्धा हलत नाही. नारळाचेही तसेच. देशाच्या सरासरी घरात तो अधूनमधून फुटतो, आपल्याकडे रोजच्या हुमणाला लागतो.

यावर उपाय दिल्लीच्या कोष्टकातच आहे. निर्देशांक राज्यवार काढले जातात, भारही राज्यवार असतात. गोव्याच्या गावांचा, शहरांचा आणि दोन्ही मिळून असा निर्देशांक तयार होतो. पण मासिक प्रसिद्धीपत्रकात राज्यांच्या महागाईचा जो तक्ता वर्षानुवर्षे छापला गेला, तो 2011 च्या जनगणनेत 50 लाखांहून जास्त लोकसंख्या असलेल्या राज्यांचा. गोवा तेव्हा साडेचौदा लाखांचा. त्यामुळे केरळची महागाई वर्तमानपत्रात वाचायला मिळाली आणि आपली मिळाली नाही. लहान राज्यांत भाव कमी ठिकाणी टिपले जातात, आकडा जास्त हलतो, हे कारण समजण्यासारखे आहे. तसे असेल तर तीन महिन्यांची सरासरी सोबत द्यावी. आकडाच न देणे हे त्याचे उत्तर नव्हे.

आमची मागणी एका पानाची आहे. केंद्राचा आकडा येतो त्याच संध्याकाळी आपल्या संचालनालयाने मराठी आणि कोंकणीत गोव्याचा निर्देशांक काढावा, गाव आणि शहर वेगळे दाखवून. प्रत्येक गटापुढे तीन बदल असावेत : गेल्या महिन्यापासून, गेल्या वर्षापासून, दोन वर्षांपासून. महिन्याचा बदल गाळू नये. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि मासळीचे भाव चढतात, पण गेल्या जूनमध्येही बंदी होतीच, म्हणून वार्षिक आकड्यात ही चढ दिसतच नाही. पैसे मात्र त्याच जूनमध्ये मोजावे लागतात.

चवथीची टीप तर हवीच. 2025 मध्ये चवथ 27 ऑगस्टला होती, 2026 मध्ये ती 14 सप्टेंबरला आहे. माटोळीचे सामान, नारळ, भाजी यांची चढ त्या वर्षी ऑगस्टमध्ये पडली, या वर्षी ती सप्टेंबरमध्ये पडेल. परिणामी ऑगस्ट 2026 ची महागाई असेल त्यापेक्षा कमी दिसेल आणि सप्टेंबरची जास्त. कोणी पहिल्या आकड्यावर पाठ थोपटून घेऊ नये आणि दुसऱ्यावर घाबरू नये, यासाठी दोन्ही महिन्यांची सरासरी काढून ती गेल्या वर्षीच्या त्याच दोन महिन्यांच्या सरासरीशी ताडावी.

एक तांत्रिक खबरदारी. फेब्रुवारी 2026 पासून 2024 पायाभूत वर्षाची नवी मालिका सुरू झाली आहे. नव्या मालिकेचा आकडा 100 च्या आसपास असतो आणि जुन्या मालिकेचा 190 च्या पुढे. नव्याला जुन्याने सरळ भागले तर भावच जवळजवळ अर्ध्यावर आल्यासारखे दिसतील. दोन वर्षांचा बदल काढताना दोन्ही मालिका जोडण्यासाठी केंद्राने दिलेला जोडगुणकच वापरावा आणि तो पानाच्या तळाशी छापावा, म्हणजे कोणालाही हिशेब पडताळता येईल. ताजा आकडा तात्पुरता असतो, पुढे तो सुधारला जातो. सुधारलेला आकडाही पुढच्या पानावर यायला हवा.

हे पान फलोत्पादन महामंडळाच्या भाजीच्या गाळ्यांवर, रेशन दुकानांवर आणि पंचायतीच्या फलकावर लागावे. पहिले पान येत्या 12 तारखेला निघाले तर आम्ही त्यातला प्रत्येक भागाकार स्वतः तपासून, चूक आढळल्यास आपल्या संचालनालयाला लेखी कळवू.

आपले विश्वासू,
किमतींचे आकडे नियमित अभ्यासणारे गोव्यातील काही नागरिक