गाडी घेण्याआधी

चि. सुमितला, अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हा माझं बोलणं अर्धं राहिलं होतं. बाबा म्हणाले, आता पुन्हा फोन करू नकोस, चिडेल. म्हणून लिहिते आहे. वाचताना तरी मला मध्ये तोडता येणार नाही तुला.

गाडी घेऊ नकोस असं मी म्हटलेलंच नाही. हिंजवडीच्या त्या ट्रॅफिकमध्ये पावसात दुचाकीवर जातोस, ते मला तरी कुठे बरं वाटतं? माझं म्हणणं एवढंच, की किती लाखांची घ्यायची हे शोरूममध्ये बसून ठरवू नकोस. सेल्समननं तुला पॅकेज विचारलं, तू अकरा लाख सांगितलेस, त्यानं बाराने भागून ब्याण्णव हजार काढले आणि सतरा हजार सातशेचा हप्ता 'सहज बसेल' म्हणाला. पण तुझ्या हातात ब्याण्णव हजार येतात कुठे? कंपनीच्या वाट्याचा पीएफ त्या अकरा लाखांतच धरलेला, ग्रॅच्युइटी त्यातच, आणि व्हेरिएबल कंपनीच्या मर्जीवर. तुझा पीएफही कापला जातो. खात्यात पडतात बहात्तर. पतसंस्थेत कर्जाचे कागद तपासत मी नोकरी काढली, तेव्हा पगाराची स्लिप आधी आणि माणूस नंतर बघायची सवय आहे मला. राग मानू नकोस.

गाडी शोरूमच्या किमतीला अकरा लाख, म्हणजे तुझ्या पॅकेजएवढीच. त्यावर आपल्याकडे पेट्रोल गाडीला दहा लाखांच्या पुढे बारा टक्के रोड टॅक्स, मग विमा, वर दहा लाखांपुढच्या गाडीला एक टक्का टीसीएस, म्हणजे शोरूमवाले आधीच वसूल करतात तो आयकर. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण आज खिशातून जातोच. ऑन-रोड तेरा झाले. दोन तुझे, अकरा कर्ज, नऊ टक्क्यांनी सात वर्षं. हप्ता लहान दिसावा म्हणून सात वर्षं, हे तुझ्या लक्षात आलंय ना? सात वर्षांत पावणेचार लाखांच्या वर नुसतं व्याज जाईल. तीन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलेस, सहा लाख सदतीस हजार गेले, तरी मुद्दल सात लाख अकरा हजार उरलेलं असेल. चौथ्या वर्षी विमेवाले गाडीची किंमत धरतात साधारण सहा लाख साठ हजार. देव न करो, पण गाडी टोटल लॉस झाली तर गाडी नाही आणि बँकेला वरून पन्नास हजार द्यायचे.

हे भीती घालायला लिहीत नाही. बरं, थोडं घालायलाच लिहिते आहे.

हप्ता हा गाडीचा अर्धाच खर्च असतो, दुसरा अर्धा शोरूममध्ये कुणी सांगत नाही. महिन्याला हजार किलोमीटर धर: ऑफिस, शनिवार-रविवार, कधीतरी कराड. जाहिरातीतलं मायलेज विसर. वाकडच्या सिग्नलला उभं राहून लिटरला बारा मिळाले तरी पुष्कळ. एकशेचार रुपयांनी पेट्रोलचे आठ हजार सातशे झाले. विमा वर्षातून एकदा भरायचा म्हणून विसरतो माणूस, पण त्याचे महिन्याला अडीच हजार बाजूला पडायला हवेत. सर्व्हिसिंग आणि तीन-साडेतीन वर्षांनी बदलायचे चार टायर मिळून अठराशे, तुमच्या सोसायटीचं पार्किंग दीड हजार. साडेचौदा हजार झाले, टोल अजून धरलेलाच नाही. हप्त्यासकट बत्तीस हजारांवर. बहात्तरातले बत्तीस! घरभाडं, जेवण आणि तुझ्या शिक्षणाचं कर्ज उरलेल्या चाळिसात. आणि हे सगळं दर महिन्याला पगार आला तर.

नोकरीचं बोलायचं नाही असं ठरवून बसले होते.

तुला आठवत नसेल, तू बालवाडीत होतास. बाबांच्या टेम्पोचा गिअरबॉक्स गेला आणि तो दोन महिने आपल्या लिंबाखाली उभा होता. चाक फिरत नव्हतं, पण सात तारीख यायचीच. फायनान्सचा माणूस ओट्यावर येऊन बसायचा. शिवी नाही, आवाज नाही. चहा घ्यायचा, कप बशीत पालथा घालायचा आणि टेम्पोच्या नंबरप्लेटकडे बघत बसायचा. बाबा आतल्या खोलीतून बाहेर यायचे नाहीत. ताईला मी शाळेत लवकर पाठवायची. तेव्हापासून हप्ता म्हटलं की मला तो पालथा कप दिसतो. तू म्हणशील, आई, तो धंदा होता, माझी आयटीतली नोकरी आहे. असेल बाबा. तुझ्याच फ्लॅटमधल्या त्या मुलाला मार्चमध्ये मेल आला होता ना?

पुरे. आता माझा हिशेब ऐक, उलटा आहे. आधी गाडी नाही, आधी महिना. बहात्तरचा चौथा हिस्सा म्हणजे अठरा हजार, गाडीच्या नावावर सगळं मिळून एवढंच. छोटी हॅचबॅक घेतलीस तर पेट्रोल साडेसहा, विमा तेराशे, सर्व्हिसिंग-टायर बाराशे आणि पार्किंग तेच दीड हजार. साडेदहा झाले. हप्त्याला उरले साडेसात. पाच वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी त्यात तीन लाख साठ हजारांचं कर्ज बसतं. तुझ्याकडे चार लाख सत्तर आहेत. त्यातले दोन गाडीला घाल, बाकीच्यांना हात लावू नकोस. तुझा खर्च महिन्याला पंचेचाळीस, म्हणजे ते बरोबर सहा महिने पुरतात. का, ते पुन्हा सांगत नाही. तर ऑन-रोड पाच लाख साठ हजार, ही तुझी आजची गाडी. शिक्षणाचं कर्ज दीड वर्षात फिटेल, मग आकडा वाढव, मी काही म्हणणार नाही.

एवढ्यात नवी घ्यायची तर अगदी खालचं मॉडेल येईल. चार वर्षांची जुनी जरा ऐसपैस मिळेल, पण जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज दोन-चार टक्के जास्त असतं, त्यामुळे कर्ज सव्वातीन लाखांच्या आसपासच धर. आरसीवर आधीच्या बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. मीटरवरचे किलोमीटर सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून बघ. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नसते, दोन ठिकाणी विचार. ॲक्सेसरीजच्या पॅकेजला सरळ नाही म्हण.

बघ, पुन्हा शाळा घेतली तुझी. तू स्वतःच्या पगारातून गाडी घेतोयस हे मी पमाआत्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून बसले आहे, आणि तुला मात्र फोनवर नुसतं टोचत राहिले. बाबा तर कालपासून गॅरेजवाल्या शंकरला विचारतायत, कुठल्या गाडीचा गिअरबॉक्स टिकतो.

बुकिंगचे एकवीस हजार भरले असशील तर पावतीवर रद्द केल्यावर किती परत मिळतात ते वाच. भरले नसशील तर शनिवारी ये, स्लिप आणि कोटेशन घेऊन. आणि रात्री निघू नकोस, खंबाटकी घाटात ट्रकांची रांग असते.

तुझी आई