टाळ धरता येत नाही म्हणून लेकराला नुसतं बसवू नका

संपादक साहेब, नमस्कार,

गॅदरिंगचे फोटो तुमच्या पेपरात रोज येतायत, त्यातल्या एकात कोपऱ्यात खुर्चीवर बसलेलं एक लेकरू दिसलं, बाकी सगळ्यांच्या हातात टाळ आणि याचे हात रिकामे. म्हणून लिहितोय. मी परभणीकडं एका शाळेत संगीत शिकवतो आणि लेकराला असं रिकाम्या हातानं बसवायचं, हेच मी स्वतः दोन वर्षं केलंय.

आमच्याकडं चौथीत सेरेब्रल पाल्सी असलेला एक पोरगा आहे. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली, टाळाची दोरी बोटात टिकायचीच नाही. मग त्याला डफ दिला, तो पण मांडीवर नाही, स्टुलाला बांधून, कोपराच्या उंचीला, जरा त्याच्याकडं कललेला. काठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून जाड केली आणि तळव्याभोवती वेल्क्रोची पट्टी लावली. पट्टी पहिल्यांदा मी फार आवळली, काढल्यावर लाल वळ दिसला. आता पट्टीखाली माझं एक बोट सहज जाईल इतकीच ठेवतो.

तरी हात ताठच! आठवडाभर वाटलं काठीच चुकली, मग त्याच्या आईनं सांगितलं, सर, पाय लटकतायत बघा त्याचे. पायाखाली दोन विटा ठेवल्या, तळवे टेकले आणि खांदा खाली आला. आधार नसला की अंग तोल सावरायला ताठतं आणि हातही आखडतो, हे मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं.

केरवा ताल आठ मात्रांचा, त्यातली फक्त सम, म्हणजे पहिली मात्रा, त्याची. पण समेला "मार" म्हटलं की ठोका तिसरीवर पडायचा, कारण हात उचलायलाच त्याला वेळ लागतो. म्हणून मी सातव्या मात्रेलाच मान हलवतो, लय पण बरीच उतरवलीय, बाकीची पोरं कंटाळतात थोडी, कंटाळू देत. दुसऱ्या हाताची पण मूठ आवळली, तोंड वाकडं झालं की समजायचं जोर जास्त लागतोय, दोन आवर्तनं थांबायचं. आणि झांजवाले त्याच्या मागं बसवायचे नाहीत, समोर दिसतील असे बसवायचे. आमची खोली पत्र्याची, मागून अचानक झांज वाजली की सगळं अंग दचकतं आणि पुढची पाच मिनिटं गेली.

हे सगळ्यांना चालेल असं म्हणत नाही. आमच्याच वर्गातली एक पोरगी आवाजानं कान झाकते, तिला डफ दिला तर उलटंच होईल, ती दाराजवळ बसून बोटात घुंगरू वाजवते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम १६ आहे, त्यात शाळेनं अशा मुलांना इतरांसोबतच शिकवायचं आणि खेळात, कार्यक्रमात बरोबरीनं घ्यायचं असं लिहिलंय. वाद्यांची खरेदी मात्र एकसारख्या टाळांचीच होते. त्यातच एक-दोन स्टँड आणि चार वेल्क्रो पट्ट्या घ्यायला काय हरकत आहे? विटा आम्ही आणतो.

आपला,
एक संगीत शिक्षक, परभणी जिल्हा