अकरा डॉलर अडकले ते अडकलेच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरबसल्या कमाईच्या जाहिरातींत दर मिनिटाचे पैसे ठळक छापतात, पण ते पैसे हातात पडतात कसे, हे कुणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

मी कळव्यात राहते. मुलं शाळेत गेली की एका परदेशी साइटसाठी मराठी ध्वनिफिती ऐकून टंकलेखन करायचे. त्या साइटवर पैसे काढायची किमान रक्कम 25 डॉलर आणि दर वेळी 2 डॉलर शुल्क. खात्यात 38 साठले, तेव्हा हौसेने 25 काढले. शुल्क वरून कापलं जात असल्याने 27 वजा होऊन 11 उरले. म्हटलं, उरलेले पुढच्या वेळी. पण पुढच्याच आठवड्यात मराठीचं काम बंद झालं! आता ते 11 काढायचे तर आणखी 16 डॉलरचं काम हवं, आणि काम तर नाही. तेव्हाच 36 काढले असते, तर शुल्कासकट 38 होऊन खातं रिकामं झालं असतं. किमान रक्कम म्हणजे तेवढीच काढायची असं थोडंच आहे! माझं गणित चुकलं ते तिथे.

शुल्क ठरावीक असेल तर थोडं थांबणं परवडतं. 25 वर 2 डॉलर म्हणजे 8 टक्के, 50 वर 4 टक्के. शुल्क टक्क्यांत असेल तर मात्र साठवून काहीच वाचत नाही, किमान रक्कम झाली की काढून मोकळं व्हावं. ठरावीक शुल्क असलं तरी शंभराची वाट मी पाहत नाही. काम केव्हा थांबेल याचा नेम नाही, आणि काही ठिकाणी बरेच महिने खातं वापरलं नाही तर शिल्लकच रद्द होते. हल्ली दुसऱ्या साइटवर मी पन्नासला काढते, तेही सगळे.

ऐरोलीच्या माझ्या नणंदेची गोष्ट वेगळीच. तिची साइट 5 डॉलरलाही पैसे देते, पण ते जातात एका वॉलेटमध्ये, आणि वॉलेटातून बँकेत पाठवायची किमान रक्कम 20. म्हणजे तिची खरी मर्यादा 20च. नियम दोन्हीकडचे वाचायला हवेत, आणि तेही पहिली फाइल उघडण्याआधी. आठवड्याला 3 डॉलर मिळणार असतील, तर माझ्या त्या जुन्या साइटवर पहिले पैसे निघायलाच नऊ आठवडे लागतात. काम तेवढं टिकेल असं वाटत नसेल, तर सुरूच करू नये.

घरबसल्या कामाच्या जाहिराती आपल्याही अंकात येतात. दराशेजारी किमान रक्कम आणि शुल्क छापण्याची अट आपण जाहिरातदारांना घालू शकाल का?

आपली,
एक वाचक, कळवा (ठाणे)